तीन हॅम्पर, तीन नावं : कंपनीच्या ऑर्डरसाठी फराळाचं वर्णन कसं लिहायचं?



गणपती उठले की कंपन्यांमधली माणसं दिवाळीच्या भेटींची चौकशी सुरू करतात. तेव्हा आपल्याकडे चकली तयार नसते, डबेही आलेले नसतात. असतो तो फक्त एक कागद, किंवा मोबाईलवर पाठवलेली यादी. म्हणजे पहिली ऑर्डर त्या कागदावर मिळते, चवीवर नाही. चवीवर मिळते ती दुसऱ्या वर्षीची.

मागच्या वर्षी तो कागद मी केला होता आणि त्यात मोठी चूक झाली. मी तीन हॅम्परना नावं दिली होती, ‘राजेशाही’, ‘शाही’ आणि ‘साधा’. एका कंपनीच्या खरेदी बघणाऱ्या मॅडमनी यादी वाचली आणि विचारलं, “कामगारांना साधा डबा दिला असं मी त्यांना कसं सांगू?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. ऑर्डर गेली. आपला चिवडा त्यांनी चाखलासुद्धा नाही.

नाव देताना

मॅडमचं बरोबर होतं. भेट घेणारा डब्यावरचं नाव वाचतो. सोनं-चांदी-कांस्य, मोठा-मधला-छोटा, अशी उतरंड नावात आली की सगळ्यात खालचा डबा घेणाऱ्याला कमीपणा वाटतो. आणि कंपनीची सगळ्यात मोठी संख्या नेमकी त्याच डब्याची असते. म्हणून नाव डब्याच्या आकारावरून न देता तो कोणासाठी आहे त्यावरून द्या.

देवाचं नाव आणि फोटो टाळा. डबा रिकामा झाला की तो कचऱ्यात जातो, तेव्हा लोकांना वाईट वाटतं. नाव एक-दोन शब्दांचं असावं, कारण ऑर्डर देणारा फोनवर “ते अमुक डबे दोनशे पाठवा” असं बोलणार. इंग्रजी स्पेलिंगही एकदाच ठरवा. बिलावर एक आणि डब्यावर दुसरं असेल तर हिशोबाच्या टेबलावर बिल अडकतं.

या वर्षी आपण दिवाळीतूनच नावं घेतली : ‘पहाट’, ‘पाडवा’ आणि ‘भाऊबीज’. यातलं कोणतंच दुसऱ्यापेक्षा कमी नाही. पहाटेच्या अभ्यंगस्नानानंतर घरातले सगळे फराळाला बसतात, म्हणून ‘पहाट’ सगळ्या कामगारांसाठी. पाडव्याला व्यापाऱ्यांचं नवं वर्ष सुरू होतं, म्हणून ‘पाडवा’ कंपनीच्या ग्राहकांसाठी. भाऊबीजेला घर पाहुण्यांनी भरतं, म्हणून ‘भाऊबीज’ म्हणजे पूर्ण कुटुंबाचा डबा.

वर्णनात चारच गोष्टी

कोणासाठी, आत काय आणि किती, कशात तळलंय, कधीपर्यंत खायचं. ‘आईच्या हातची चव’, ‘मायेचा ओलावा’ असले शब्द प्रत्येकाच्या यादीत असतात. खरेदी बघणाऱ्याला त्याच्या वरिष्ठांना आकडे दाखवायचे असतात. आपली तीन वर्णनं अशी आहेत :

*पहाट (500 ग्रॅम)* – सगळ्या सहकाऱ्यांसाठी. पातळ पोह्यांचा चिवडा 200 ग्रॅम, भाजणीची चकली 150 ग्रॅम, शंकरपाळी 150 ग्रॅम. सर्व पदार्थ शेंगदाणा तेलात. चिवड्यात शेंगदाणे आहेत.

*पाडवा (1 किलो)* – ग्राहक आणि व्यवसायातल्या स्नेह्यांसाठी. चिवडा 250 ग्रॅम, चकली 200 ग्रॅम, शेव 150 ग्रॅम, शंकरपाळी 200 ग्रॅम, साजूक तुपातले बेसन लाडू 5 नग (200 ग्रॅम). बाकी पदार्थ शेंगदाणा तेलात.

*भाऊबीज (दीड किलो)* – पूर्ण कुटुंबासाठी. चिवडा 400 ग्रॅम, चकली 300 ग्रॅम, शेव, शंकरपाळी, बेसन लाडू आणि साजूक तुपात तळलेले गुळाचे अनारसे प्रत्येकी 200 ग्रॅम. मोजकेच डबे, आधी नोंदणी आवश्यक.

तिन्हींच्या खाली एकच ओळ : ‘डब्यावरच्या तारखेपर्यंत खावे, उघडल्यावर हवाबंद ठेवावे.’

बघा, चिवडा, चकली आणि शंकरपाळी तिन्ही डब्यांत आहेत. मुद्दाम. एकाच घाण्याचा माल तीन डब्यांत वाटता येतो आणि ‘पहाट’ घेणाऱ्यालाही तीच चकली मिळते जी ‘भाऊबीज’ घेणाऱ्याला मिळते. ‘मोजकेच डबे’ हेही खरं म्हणूनच लिहिलंय. अनारशाला तांदूळ तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, मग दळून गुळात पीठ मुरवायचं. ऐनवेळी पन्नास डबे वाढवून मागितले तर ते पीठ आणणार कुठून?

शब्द कुठे अंगाशी येतात

पहिलं, तूप. आपल्या शंकरपाळीत मोहन तुपाचं आहे, पण तळणी तेलाची. ‘साजूक तुपाची शंकरपाळी’ असं लिहिलं तर वाचणारा ती तुपात तळलीय असंच समजणार. तेलाचा वास आला की तो फसवल्यासारखा होतो. म्हणून तूप हा शब्द फक्त लाडू आणि अनारशापुढे.

दुसरं, गूळ. अनारशात साखर नाही म्हणून एका ताईंनी ‘शुगर-फ्री’ लिहायचं सुचवलं. तसं लिहिता येत नाही. अन्नसुरक्षेच्या नियमात गूळही साखरेतच मोजतात. मधुमेह असलेल्या माणसाने त्या शब्दावर विसंबून चार अनारसे खाल्ले तर? ‘गुळाचे अनारसे’ एवढंच पुरे.

तिसरं, वजन. वर्णनात 200 ग्रॅम लिहिलं की डब्यात तेवढं हवंच. लाडू वळताना हात सैल पडतो, पाच लाडू कधी 180 ग्रॅमच भरतात. म्हणून प्रत्येक लाडू 40 ग्रॅमचा, वळायच्या आधी मिश्रण काट्यावर. चकलीचं वजन तळून गार झाल्यावर करा, आणि पॅकिंग सुरू असताना अधूनमधून भरलेला डबा उघडून आतली पाकिटं पुन्हा मोजा.

चौथं, तारीख. डब्यातले पदार्थ वेगवेगळ्या दिवशी केलेले असतात. पूर्ण डब्यावर तारीख टाकायची ती सगळ्यात आधी संपणाऱ्या पदार्थाची. ती कशी ठरवायची? प्रत्येक घाण्यातलं एक बंद पाकीट बाजूला ठेवा आणि ठराविक दिवसांनी उघडून बघा. चकली मऊ पडली तर पॅकिंगमध्ये हवा जातेय किंवा गरम असतानाच भरलीय. कुरकुरीत आहे पण खवट वास येतोय, तर तेल जास्त वेळा वापरलंय.

आणि एक लक्षात ठेवा. हे वर्णन म्हणजे लेबल नव्हे. प्रत्येक पाकिटावर घटकांची यादी, निव्वळ वजन, बॅच नंबर, तारखा, हिरवं चिन्ह, गटाचा पत्ता आणि अन्न परवान्याचा 14 अंकी क्रमांक वेगळा लागतोच.

पुढच्या मासिक बैठकीत तुमच्या गटाची तीन वर्णनं कागदावर लिहून आणा. आपण ती मोठ्याने वाचू, आणि वाचणाऱ्या ताई तो पदार्थ न केलेल्या गटातल्या असतील. त्यांना जिथे प्रश्न पडेल, तिथेच कंपनीवाल्यांनाही पडणार आहे.

– तुमची क्षेत्र समन्वयक