अठरा तासांची आघाडी

पगाराचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट टीमची कल्पना करा. ग्राहकाची प्रत्येक तक्रार म्हणजे एक तिकीट, आणि टीमच्या मॅनेजर सगळ्यांना मेल पाठवतात:

“नमस्कार मंडळी, सोमवारपासून तिकिटं आपल्या आवडीने उचलायची नाहीत. पहिल्या गंभीरतेचं, म्हणजे कुणाचाच पगार निघत नाही असं तिकीट आलं, तर हातातलं काम बाजूला ठेवायचं. बाकीच्यांसाठी गुण मोजायचे: थांबलेला प्रत्येक कामाचा तास म्हणजे १ गुण. दुसऱ्या गंभीरतेच्या तिकिटाला आल्याबरोबर १८ गुण, तिसऱ्याला ६, चौथ्याला शून्य. ज्याचे गुण जास्त, ते आधी.”

नुसत्या गंभीरतेने रांग लावली, तर किरकोळ तक्रारीचा नंबर लागतच नाही. तिच्यापुढे रोज काहीतरी मोठं येऊन उभं राहतं. संगणकशास्त्रात याला स्टार्व्हेशन, म्हणजे उपासमार म्हणतात, आणि थांबणाऱ्याचं वजन वाढवत नेणं हा त्यावरचा जुना उपाय आहे.

ऑफिस ९ ते ६, म्हणजे दिवसाचे ९ तास. पगारपत्रकावर नाव चुकल्याचं चौथ्या गंभीरतेचं तिकीट सोमवारी ९ला आलं. बुधवारी ११ला त्याचे गुण ९ अधिक ९ अधिक २, म्हणजे २०. एका शाखेच्या रजा दिसत नसल्याचं दुसऱ्या गंभीरतेचं तिकीट बुधवारी १०ला आलं. त्याचे १८ अधिक १, म्हणजे १९. आधी नाव दुरुस्त होईल. दोघांचेही गुण तासाला एकनेच वाढतात, त्यामुळे हा क्रम पुढे उलटणार नाही. मला या नियमातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते: कामाचे दोन दिवस थांबलेल्या किरकोळ तिकिटाला नंतर येणारं दुसऱ्या गंभीरतेचं तिकीट मागे टाकू शकत नाही. ग्राहकाला तसं सांगताही येतं.

मेलमधला ‘कामाचा तास’ हा शब्द म्हणूनच महत्त्वाचा. घड्याळ रात्रंदिवस चालू ठेवलं, तर शुक्रवारी संध्याकाळी ५ची बारीकसारीक तक्रार सोमवारी ९ला ६४ गुण घेऊन बसेल आणि सकाळी आलेल्या मोठ्या तक्रारीला अडवेल.

ग्राहकाच्या उत्तराची वाट पाहताना घड्याळ थांबतं. इथेच पळवाट निघते: “अजून अडचण येते का?” एवढंच विचारायचं आणि तिकीट खाली ढकलायचं. उत्तरासाठी थांबलेली तिकिटं अचानक वाढली, की त्यांतले प्रश्न मॅनेजरने स्वतः वाचावेत. दुसरी खूण गंभीरतेच्या आकड्यांत दिसते. दर आठवड्याला दुसऱ्या गंभीरतेची तिकिटं वाढत गेली आणि जवळपास सगळ्यांनाच १८ गुण मिळू लागले, की आघाडीला अर्थ उरत नाही. उरते ती आल्या क्रमाची साधी रांग. त्यामुळे गंभीरता ग्राहकाच्या सुरावरून ठरवू नये. किती लोकांचं काम अडलं आणि तात्पुरता दुसरा मार्ग आहे का, हे दोन प्रश्न विचारून ती ठरवावी.