पाय रोवायचे की सैल सोडायचे?

समुद्रातलं तेल : लेखांक 6

एक रुपयाच्या नोटेच्या मागच्या बाजूला समुद्रात उभा असलेला एक सांगाडा दिसतो. तो ‘सागर सम्राट’. याच रिगने फेब्रुवारी 1974 मध्ये मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर, जेमतेम 75 मीटर खोल पाण्याखाली मुंबई हायचं तेल शोधून काढलं. तो जॅक-अप जातीचा रिग, म्हणजे तरंगत यायचं, पाय तळाला टेकवायचे आणि स्वतःला पाण्याबाहेर उचलून उभं राहायचं. या रिगची, कायमच्या उभ्या प्लॅटफॉर्मची आणि नांगरलेल्या तरंगत्या प्लॅटफॉर्मची ओळख करून देताना बहुतेक ठिकाणी एक शिडी मांडली जाते. सव्वाशे मीटरपर्यंत जॅक-अप, चारशेपर्यंत कायमचा, त्यापुढे तरंगता. शिडी साफ खोटी नाही, पण ती फारसं काही समजावत नाही. तिला खोटं पाडणारी उदाहरणं आपल्याच दारात आहेत. मुंबईच्या पश्चिमेला ओएनजीसीच्या डी-1 क्षेत्रात पाणी शंभर मीटरहून उथळ असूनही तिथे नांगरलेलं एक जहाज तेल गोळा करतं. आणि विहिरी खोदण्यासाठी जन्मलेला ‘सागर सम्राट’ रूपांतर होऊन डिसेंबर 2022 पासून एका जागी उभा राहून उत्पादनाचं काम करतो. खोलीने खर्च ठरतो, हे खरं. पण या तिघांमधला मूळ फरक लाटेच्या धक्क्याला कोण कसं उत्तर देतं आणि ते उत्तर किती काळ टिकवायचं आहे, यात आहे.

लाटेचं बळ नुसतं तिच्या उंचीत नसतं, तिच्या तालातही असतं. वादळातल्या मोठ्या लाटा साधारण दहा ते पंधरा सेकंदांच्या अंतराने येतात. उभ्या केलेल्या कोणत्याही बांधकामालाही स्वतःचा एक ताल असतो. ते एकदा ढकलून सोडलं, तर ठरावीक वेळाने पुढे-मागे हलत राहतं. झोक्याला त्याच्या तालात हलकेच ढकललं तरी तो उंच जातो आणि तालाबाहेर कितीही जोर लावला तरी तो रेंगाळतो. समुद्रातल्या बांधकामाची सगळी धडपड लाटेच्या तालात न सापडण्याची असते. त्यासाठी दोनच वाटा आहेत. लाटेपेक्षा खूप जलद व्हायचं, म्हणजे ताठ व्हायचं. नाहीतर लाटेपेक्षा खूप संथ व्हायचं, म्हणजे सैल व्हायचं.

कायमचा प्लॅटफॉर्म पहिली वाट धरतो. पोलादी नळ्यांचा चौकोनी मनोरा, ज्याला या धंद्यात जॅकेट म्हणतात, किनाऱ्यावर आडवा बांधून बार्जवरून नेतात, पाण्यात सोडून उभा करतात आणि त्याच्या पायांमधून किंवा पायांभोवती लांब पाइल तळाखाली पन्नास-शंभर मीटर ठोकतात. वर डेक बसतो. मुंबई हायच्या खोलीला अशा मनोऱ्याचा ताल दोन-तीन सेकंदांचा असतो, त्यामुळे मोठी लाट येऊन जाईपर्यंत तो जवळपास जागचा हलत नाही. विहिरींची तोंडं, म्हणजे दाब अडवणारे व्हॉल्व्ह, डेकवरच कोरडी राहतात. माणूस पान्हा घेऊन तिथे चालत जातो. विहिरी म्हाताऱ्या झाल्या की हा फायदा फार मोठा ठरतो, कारण तेव्हा दुरुस्तीची कामं वाढतच जातात. मात्र ताठपणा उंचीबरोबर झपाट्याने उतरतो. त्याच जाडीचा खांब दुप्पट उंच केला, तर त्याचा ताठपणा आठव्या हिश्श्यावर येतो. तो टिकवायचा तर पाया रुंद करा, पोलाद वाढवा. मेक्सिकोच्या आखातात 1988 मध्ये ‘बुलविंकल’ हा प्लॅटफॉर्म 412 मीटर पाण्यात उभा राहिला. तितक्या उंचीच्या पोलादी मनोऱ्याने सारं जग थक्क झालं, पण त्या जातीत कोणी तिथून फार पुढे गेलं नाही. पोलाद कमी पडलं म्हणून नव्हे. तेवढं पोलाद घालून जो ताल मिळतो, तोही लाटेच्या जवळ सरकू लागतो.

जॅक-अप या दोन वाटांच्या मधे अडकलेला आहे आणि म्हणूनच तिघांमध्ये मला तो सर्वांत रंजक वाटतो. त्याचे तीन पाय जाळीदार असतात. ते पाइलने रोवलेले नसतात, पायांच्या तळाशी असलेल्या रुंद पोलादी ‘टोप्यां’वर नुसते टेकलेले असतात. वरचा अवजड डेक पायांना दातेरी पट्ट्यांनी धरून ठेवलेला असतो. असा रिग कायमच्या प्लॅटफॉर्मइतका ताठ नसतो. खोलीप्रमाणे त्याचा ताल चार ते आठ सेकंदांच्या आसपास जातो, म्हणजे लाटांच्या कुंपणाला जवळजवळ टेकतो. तरीही तो चालतो, कारण त्याला तिथे वीस वर्षं काढायची नसतात. काही आठवडे किंवा महिने राहायचं, विहीर खोदायची आणि जायचं. पश्चिम किनाऱ्यावर रिग एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवण्याची कामं पावसाळ्याआधी उरकण्याची घाई असते, तिचं कारण मात्र हलवण्यातच आहे. एकदा पाय टेकून वर चढलेला रिग पावसाळा काढू शकतो. पण चढता-उतरताना, पाय अर्धवट टेकलेले आणि डेक पाण्याला लागलेला असताना, दीड मीटरची लाटही त्याला नको असते.

पाय टेकणं ही बाब वाटते तितकी साधी नाही. समजा, एका रिगचं वजन 12,000 टन आहे. तिन्ही पायांवर ते सारखं वाटलं, तर प्रत्येकी 4,000 टन. वादळात वारा आणि लाटा एका बाजूने ढकलतात, तेव्हा विरुद्ध बाजूच्या पायावर आणखी, समजा, 2,500 टन येतील. म्हणजे त्या पायाखालची माती 6,500 टन झेलू शकते, हे वादळ येण्याआधी पटलेलं हवं. ते पटवायचं कसं? रिग पाण्याच्या जेमतेम वर उचलतात आणि त्याच्या पोटातल्या टाक्यांत समुद्राचंच 7,500 टन पाणी भरतात. एकूण वजन 19,500 टन, प्रत्येक पायावर 6,500. पाय रुततो, थांबतो, पुन्हा रुततो. काही तास रुतणं पूर्ण थांबलं की पाणी सोडून देतात आणि मगच डेक लाटांच्या आवाक्याबाहेर, बारा-पंधरा मीटर वर चढवतात. जो भार एरवी वादळाने घातला असता, तो आपणच शांत दिवशी घालून मातीची परीक्षा घेतलेली असते.

ही परीक्षा पाण्याला टेकूनच का घ्यायची, यामागेही कारण आहे. कडक थराखाली मऊ चिखल असेल, तर कडक थर काही काळ भार झेलतो आणि मग एकाएकी फुटतो. पाय काही सेकंदांत कित्येक मीटर खाली जातो. डेक उंच असेल तर तो तिरका होऊन पाय वाकतात. डेक पाण्यालगत असेल तर पाणीच त्याला सावरून धरतं. हा धोका आधी ओळखण्याचा एकच भरवशाचा मार्ग आहे. नेमक्या त्याच जागी तळात छिद्र पाडून मातीचे थर मोजायचे. शेजारच्या विहिरीच्या नोंदीवर विसंबणं पुरेसं नाही. त्यातच मुंबई हायसारख्या जुन्या क्षेत्रात आणखी एक अडचण असते. आधी येऊन गेलेल्या रिगने पायांचे खड्डे मागे ठेवलेले असतात. नव्या रिगचा पाय अशा खड्ड्याच्या काठावर पडला, तर तो खड्ड्याकडे घसरतो, आणि शेजारी पाच-दहा मीटरवर कायमचा प्लॅटफॉर्म उभा असतो. जॅक-अप तिथे आलेला असतो त्या प्लॅटफॉर्मच्याच विहिरी खोदायला. तो आपला खोदकामाचा मनोरा पुढे सरकवून प्लॅटफॉर्मच्या डोक्यावर नेतो. पाहुण्याने घरमालकाच्या अंगावर पडता कामा नये.

दुसरी वाट सैल होण्याची. पाणी हजार मीटर खोल असेल, तर ताठपणाचा विचारच सोडून द्यावा लागतो. आंध्रच्या किनाऱ्याजवळ, कृष्णा-गोदावरी खोऱ्यात सुमारे 1,200 मीटर पाण्यात ‘धीरूभाई-1’ हे उत्पादन आणि साठवणुकीचं जहाज 2008 मध्ये तेल काढू लागलं. अशी जहाजं नांगरांच्या साखळ्या आणि दोर यांच्या आधाराने एका जागी राहतात, पण ‘जागी’ म्हणजे एका वर्तुळात. इतक्या खोलीवर पन्नास-साठ मीटर इकडेतिकडे सरकण्याची मुभा ठेवली जाते. बाजूला ढकललं की परत मध्यावर यायला शंभर सेकंदांहून अधिक वेळ लागतो. बारा सेकंदांची लाट आपला धक्का देऊन कधीच पुढे गेलेली असते. नांगर लाटेशी झुंजत नाहीत. वारा, प्रवाह आणि लाटांचा संथ, सरासरी रेटा एवढंच ते सांभाळतात. मात्र विहिरींची तोंडं समुद्रतळावर, ओली. तिथून वर येणारे नळ लवचीक असावे लागतात आणि विहीर बिघडली की दुरुस्तीला वेगळा तरंगता रिग बोलवावा लागतो.

यावर साहजिक आक्षेप येतो. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात मुंबई हायजवळ पापा-305 हा बार्ज नांगरलेलाच होता. नांगर सुटले, तो वाहत गेला, बुडाला आणि अनेक कामगार गेले. मग नांगरावर भरवसा कसा ठेवायचा? पण तो सपाट तळाचा, कामगारांना राहण्यासाठीचा बार्ज होता, कामापुरते नांगर टाकून उभा. कायमच्या नांगरणीचा हिशेब वेगळा असतो. शंभर वर्षांतून एकदा येणारं वादळ धरून आणि त्यातली एक दोरी तुटलेली आहे असं मानून बाकीच्या दोऱ्या पुरतात का, हे तपासलेलं असतं. ज्याभोवती जहाज फिरू शकतं असा नांगरांचा खांब, म्हणजे टरेट, लावलेलं जहाज वाऱ्याकडे तोंड करून आपसूक वळतं, त्यामुळे लाट सहसा आडवी बसत नाही. धडा निघतो तो हा की तात्पुरत्या गोष्टीवर कायमच्या गोष्टीचा भरवसा ठेवू नये, आणि वादळाची सूचना मिळाल्यावर तात्पुरत्याने वेळेत निघून जावं. सैल असणं हा मुळातच दोष असता, तर खोल समुद्रातून तेल निघालंच नसतं.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. सैलपणा इतका चांगला, तर उथळ पाण्यातही तोच का नको? उत्तर काहीसं उलटं आहे. उथळ पाण्यात तरंगणं सोपं नसतं, अवघड असतं. साखळी सैल लोंबते तेव्हा ती हळूहळू ताणली जाते. ऐंशी-नव्वद मीटर पाण्यात लोंबायला जागाच थोडी. जहाज थोडं सरकलं की साखळी झटक्यात ताठ होते आणि झटका साखळीला मारक असतो. म्हणून अशा ठिकाणी साखळ्या जड आणि लांब घालाव्या लागतात. तरीही डी-1 वर जहाज का ठेवलं? क्षेत्र मुंबई हायच्या जुन्या नळांपासून दूर आहे. तिथे जहाजाच्याच पोटात तेल साठवून टँकरने न्यायची सोय होते. विहिरी मात्र तिथेही कायमच्या छोट्या प्लॅटफॉर्मवर आहेत. खोलीला जे सोयीचं होतं ते विहिरींना मिळालं आणि अंतराला जे सोयीचं होतं ते साठवणुकीला.

‘सागर सम्राट’चं उदाहरण त्याच्या उलट्या टोकाचं आहे. पाहुणा घरात राहायला आला, की त्याला घरच्यासारखं वागवावं लागतं. ज्या पायांनी महिन्यांचा हिशेब धरला होता, त्यांना आता वर्षांचा धरावा लागतो. लाटेच्या प्रत्येक ठोक्याने जोडांमध्ये पडणारा सूक्ष्म थकवा एका मोहिमेत क्षम्य असतो. तोच वर्षानुवर्षं साचत गेला की तडा जातो. पायांभोवतीची वाळू प्रवाहाने उपसली जाते का, हेही पुन्हा पुन्हा पाहावं लागतं. बदल्यात मिळतं ते हे, की छोट्या, उतरत्या क्षेत्रासाठी नवं जॅकेट ठोकावं लागत नाही आणि काम संपलं की पाय वर घेऊन तो पुढच्या क्षेत्रात जाऊ शकतो.

निघून जाण्याची ही क्षमता हिशेबात उशिरा दिसते. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या त्या क्षेत्राचं उत्पादन 2018 मध्ये थांबलं आणि जहाज नांगर सोडून निघून गेलं. मुंबई हायवर मात्र सत्तर-ऐंशीच्या दशकांत ठोकलेली कितीतरी जॅकेट अजून उभी आहेत. त्यांना नेता येत नाही. ती काढायची, तर पाइल तळाखाली कापावे लागतात, मनोरा तुकड्यांत उचलावा लागतो आणि विहिरी सिमेंटने बुजवाव्या लागतात. ते कापण्याचं काम कसं चालतं, ते पुढच्या आठवड्यात.