लायका कॅमेरे, बनावट
जर्मनीतील वेट्सलार येथील एर्न्स्ट लाइट्स कंपनीच्या लायका या कॅमेऱ्याचे नाव खोटेपणाने कोरून, मूळचा रंग बदलून किंवा निरनिराळ्या कॅमेऱ्यांचे भाग एकत्र जोडून विक्रीस आणलेले कॅमेरे. ओस्कार बार्नाक यांनी रचना केलेला मूळ लायका 1925 मध्ये बाजारात आला. 1932 मधील लायका-2 ला भिंगाशी जोडलेला अंतरमापक होता. त्याचीच नक्कल असलेला ‘फेड’ हा कॅमेरा 1934 पासून सोव्हिएट संघातील खारकॉव्ह येथे व ‘झॉर्की’ हा 1948 पासून मॉस्कोनजीकच्या क्रास्नोगोर्स्क येथे तयार होऊ लागला. हे कॅमेरे उघडपणे स्वतःच्या नावाने विकले जात व त्यांची किंमत लायकाच्या मानाने फारच कमी असे. पुढे त्यांपैकी अनेकांवरील मूळ नाव घासून तेथे ‘लायका’ असे कोरण्यात आले. खरेदीपूर्वी बहुधा छायाचित्रेच पाहावयास मिळत असल्याने, त्यांवरून हा बदल कसा ओळखावा हे जाणणे संग्राहकास आवश्यक ठरते.

सर्वांत विश्वसनीय खूण भिंग काढल्यावर समोरून घेतलेल्या छायाचित्रात दिसते. भिंगाच्या गोल तोंडात वरच्या बाजूस अंतरमापकाची तरफ असते. लायकात तिच्या टोकाला फिरणारे लहान गोल चाक बसविलेले असते. फेड व झॉर्की यांत चाकाऐवजी धातूचेच घडविलेले, वक्र कडेचे भरीव टोक असते. नाव कोरणारा कारागीर सहसा बाहेरील पत्र्यावर काम करतो. आतील यंत्रणा बदलणे खर्चिक असल्याने ती तशीच राहते. म्हणून भिंग काढलेल्या स्थितीतील छायाचित्र मागवावे. विक्रेता ते देण्यास टाळाटाळ करीत असल्यास सावध राहावे.

दुसरी कसोटी क्रमांकाची होय. लायकाच्या क्रमांकांच्या वर्षवार व प्रतिमानवार याद्या प्रसिद्ध आहेत. 1939 अखेर हे क्रमांक सुमारे साडेतीन लाखांपर्यंत पोहोचले होते. उदाहरणार्थ, एका कॅमेऱ्यावर जर्मन हवाई दलाचे गरुडचिन्ह आहे आणि त्याचा क्रमांक यादीत लायका-3 चा ठरतो, असे समजू. 1933 पासूनच्या लायका-3 च्या समोरील बाजूस मंद वेगांची लहान तबकडी असते. फेड व पहिल्या झॉर्कीवर ती नसते. छायाचित्रातील कॅमेऱ्यावर ती नसेल, तर क्रमांक व शरीर परस्परांशी विसंगत ठरतात. त्यातच तरफेचे टोक भरीव दिसले, तर शंकेला जागा उरत नाही. जर्मन हवाई दल लायका खरोखरच वापरीत असे. त्यामुळे केवळ गरुडचिन्हावरून कॅमेरा खोटा ठरविता येत नाही, तसाच तो खराही ठरत नाही.

मात्र उलट प्रकारची विसंगती निर्दोष असू शकते. लाइट्स कंपनी ग्राहकांच्या जुन्या कॅमेऱ्यांत नव्या प्रतिमानाची यंत्रणा बसवून देत असे व मूळ क्रमांक कायम ठेवीत असे. त्यामुळे लायका-1 चा क्रमांक आणि लायका-2 किंवा 3 चे रूप, असा कॅमेरा अस्सल असू शकतो. जुन्या क्रमांकावर नवे भाग हा सुधारणेचा पुरावा असू शकतो. नव्या क्रमांकावर जुन्या धर्तीचे शरीर मात्र संशयास्पद असते. भिंगाचा क्रमांक स्वतंत्र असल्याने तो कॅमेऱ्याच्या क्रमांकाशी जुळण्याची अपेक्षा नसते.

रंग व कोरीवकाम पाहण्यासाठी वरच्या पत्र्यावर तिरपा प्रकाश पडलेले छायाचित्र हवे. मूळ नाव घासून काढलेल्या जागी पत्रा किंचित खोलगट होतो व त्यात प्रकाशाचे प्रतिबिंब लहरी दिसते. कोरीव अक्षरांच्या कडा बोथट असून खाचांत काळा रंग साचलेला दिसल्यास कोरल्यानंतर रंग दिला गेल्याचे अनुमान निघते. नैसर्गिक झीज बोटे, पट्टा व पिशवी यांचा स्पर्श जेथे होतो त्या कडांवर आणि गुंड्यांवर होते. सपाट भागी एकसारखी उघडी पडलेली पितळ ही मुद्दाम घासल्याची खूण असते. रत्नागिरीसारख्या दमट, खाऱ्या हवेच्या किनारी प्रदेशात उघडी पितळ काळवंडते व तिच्यावर हिरवट गंज धरतो, भिंगात बुरशीचे जाळे वाढते. अशा ठिकाणी कित्येक दशके पडून असल्याचे सांगितलेल्या कॅमेऱ्याची उघडी पितळ लखलखीत असेल, तर ती झीज अलीकडची मानावी.

तळाच्या झाकणावरील अक्षरेही पाहावीत. लायकावर उघडणे व बंद करणे यांसाठी ‘आउफ’ व ‘त्सू’ हे जर्मन शब्द असतात. फेडवर त्यांच्या जागी रशियन शब्द आढळतात. परंतु झाकण सहज बदलता येत असल्याने ही खूण दुय्यम समजावी.

छायाचित्रांवरून कॅमेरा लायका नाही हे पुष्कळदा निश्चित सांगता येते. तो पूर्णतः मूळ अवस्थेत आहे हे सांगता येत नाही. पडद्याची यंत्रणा, आतील स्क्रू आणि कारखान्यात पुन्हा दिलेला रंग यांची पारख कॅमेरा हाती घेऊन, उघडूनच करावी लागते.