मोठा धोका कोणता आणि आधीचा कोणता?
धंद्याच्या जोखमीची नोंदवही कशी वाचावी

नवा कारखाना उभारताना धोके कोणते, याची यादी हल्ली अनेक जण करतात. बँकेकडे कर्ज मागायला गेले की तेथेही ती मागितली जाते. प्रत्येक धोक्यापुढे दोन आकडे टाकतात. तो घडण्याची शक्यता किती आणि घडला तर नुकसान किती, दोन्ही १ ते ५ मध्ये. त्यांचा गुणाकार केला की धोक्याचे वजन निघते, आणि ज्याचे वजन जास्त तो यादीत वर बसतो. येथपर्यंत ठीक आहे. चूक पुढे होते. यादीत जो वर आहे त्याच्याच मागे आधी लागायचे, असे गृहीत धरले जाते. वजनाचा क्रम आणि कामाचा क्रम हे दोन वेगळे आहेत, आणि त्यांची गल्लत झाली तर चांगली यादी असूनही हंगाम हातचा जातो. हे एका उदाहरणाने पाहू.

समजा, रत्नागिरीत तीन भागीदार बर्फाचा कारखाना घालत आहेत. दोघे सख्खे भाऊ गावात आहेत, तिसरा त्यांचा मामेभाऊ आखाती देशात नोकरीला असून हप्त्याहप्त्याने पैसे पाठवतो. पावसाळ्यातील मासेमारीबंदी संपली की ऑगस्टमध्ये होड्या समुद्रात जातात, आणि तेव्हा बर्फाला खरी मागणी असते. म्हणून २५ जुलैला पहिली लादी निघालीच पाहिजे, असा त्यांचा हिशेब आहे. १५ जानेवारीला बसून त्यांनी नोंदवही केली. तिच्यात वजनाप्रमाणे आठ धोके आले.

१. वीजजोड वेळेत न मिळणे : ३ × ५ = १५
२. पावसाआधी स्लॅब पूर्ण न होणे : ३ × ५ = १५
३. पहिल्या हंगामात मासळी कमी लागणे : ३ × ४ = १२
४. आखातातील भागीदाराचा हप्ता लांबणे : ३ × ४ = १२
५. कॉम्प्रेसर उशिरा येणे : २ × ५ = १०
६. अमोनियाची गळती : २ × ५ = १०
७. बोअरचे पाणी खारे निघणे : ३ × ३ = ९
८. लोखंड महागणे : ४ × २ = ८

एक गोष्ट येथे चांगली झाली आहे. यादीत नुसता ‘पाऊस’ असा धोका नाही. कोकणात जूनमध्ये पाऊस येणार हे ठरलेले आहे, त्यात अनिश्चित काही नाही. अनिश्चित आहे ते स्लॅब त्याआधी होतो की नाही एवढेच. नोंदवहीत कारण लिहायचे नसते, त्या कारणामुळे जे घडेल की नाही ते लिहायचे असते.

आधी वंशावळ मांडा

यादी ही सरळ रेघ असते. तिच्यात कोण कोणाचा नातलग, हे दिसत नाही. त्यासाठी जोखमीची वंशावळ मांडतात. व्यवस्थापनाच्या भाषेत तिला ‘रिस्क ब्रेकडाउन स्ट्रक्चर’ म्हणतात. डेव्हिड हिल्सन यांनी २००२ साली यावर निबंध वाचला, आणि अमेरिकेतील प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटच्या २००४ च्या मार्गदर्शक ग्रंथात ही पद्धत आली. मुळाशी संपूर्ण काम, त्याखाली धोका जेथून येतो ती चार-पाच घराणी, आणि प्रत्येक घराण्याखाली त्याच्या शाखा. धोक्याचा परिणाम कोठे होतो यावरून वाटणी करायची नाही. तो कोठून उगम पावतो यावरून करायची.

आमच्या उदाहरणात पाच घराणी पुरतात : जागा व बांधकाम, यंत्रे, पैसा, माणसे, आणि बाहेरचे जग, म्हणजे सरकारी कार्यालये, बाजार व समुद्र. आठ धोके त्यांत टाकून पाहिले की दोन गोष्टी लगेच नजरेस येतात.

पहिली, ‘माणसे’ हे घर रिकामे आहे. रिकामे घर म्हणजे तेथे धोका नाही असे नव्हे. बहुधा त्याचा विचार कोणी केलेला नसतो. अमोनियाचा प्लांट चालवणारा अनुभवी ऑपरेटर कोठून येणार, हा प्रश्न त्यानंतरच निघतो, आणि नोंदवहीत नववा धोका चढतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ‘पैसा’ या घरात एकच धोका दिसतो, पण वीजजोड आणि कॉम्प्रेसर यांच्या शाखांवर ‘हे कशामुळे होईल?’ असे विचारत मागे गेले की दोन्हींची एक मुळी त्याच घरात पोचते. विजेची रक्कम वेळेत भरली नाही तर जोड लांबेल. कॉम्प्रेसरचा बयाणा गेला नाही तर कारखानदार काम हाती घेणार नाही. दोन्ही रकमा आखातातून येणाऱ्या एकाच हप्त्यातून जायच्या आहेत. यादीत चौथा असलेला धोका प्रत्यक्षात पहिल्या आणि पाचव्याचाही बाप आहे. तीन धोक्यांचा मिळून एक उपाय करता येतो, हे वंशावळ मांडल्यावाचून कळले नसते.

पुस्तकातील घराणी जशीच्या तशी उचलू नयेत. मोठ्या धरणासाठी केलेल्या वाटणीत बर्फाच्या कारखान्याचे पाणी कोठेच बसणार नाही, आणि मग सगळे ‘इतर’ या घरात जाऊन पडेल. ‘इतर’ भरू लागले की वाटणी चुकली असे समजावे.

मग तातडी मोजा

आता खरा प्रश्न : आधी कोणत्या धोक्याला हात घालायचा? धोका कधी कोसळेल ती तारीख येथे कामाची नाही. कामाची तारीख म्हणजे उपाय सुरू करण्याचा शेवटचा दिवस. याच संस्थेच्या २०१७ च्या आवृत्तीत हा भेद स्पष्ट केला आहे. धोका किती जवळ आला हे वेगळे, आणि त्यावरचा उपाय उपयोगी पडण्यासाठी किती अवधी उरला हे वेगळे. दुसऱ्याला तातडी म्हणायचे.

हिशेब साधा आहे. उपाय पूर्ण झालेला हवा ती तारीख घ्यावी, तिच्यातून उपायाला लागणारे दिवस वजा करावेत. जी तारीख येते ती नोंदवहीत नव्या रकान्यात लिहावी.

कॉम्प्रेसर पाहू. जमीन चिखल होण्याआधी क्रेनने तो बसवायचा तर १ जूनला तो जागेवर हवा. कारखानदार बयाण्यापासून १६ आठवडे मागतो. शेवटची तारीख ९ फेब्रुवारी येते. विजेची चाचणी ५ जुलैला धरली आणि जोडाला ५ महिने धरले तर अर्ज व रक्कम ५ फेब्रुवारीला जायला हवी.

आता हप्ता. तो लांबला तर बँकेकडून उचल घ्यावी, हा उपाय. ती मंजूर व्हायला ३ आठवडे धरले आहेत. पहिली रक्कम ५ फेब्रुवारीला लागते. त्यातून २१ दिवस वजा केले की १५ जानेवारी येते, म्हणजे आजच! हप्ता लांबण्याची वाट पाहिली तर उपायाची वेळ टळून गेलेली असेल. म्हणून उचलीचा अर्ज आजच द्यायचा. हप्ता वेळेवर आला तर उचल घेऊ नये, एवढेच.

पाण्याची गोष्ट त्याहून शिकवणारी आहे. वजन ९, यादीत सातवा. धाकटा भाऊ म्हणेल, “भाईजान, बोअर मे महिन्यात मारू, आत्ता पाण्याची घाई कोणाला आहे?” पण पायाची खोदाई १ फेब्रुवारीला सुरू होते, आणि एकदा चर खणले की बोअरची गाडी आत शिरणार नाही. बोअर मारायला एक दिवस, पंप चालवून पाहायला दोन दिवस, प्रयोगशाळेच्या अहवालाला एक आठवडा, असे १० दिवस. शेवटची तारीख २२ जानेवारी. हातात अवघा एक आठवडा. शिवाय या धोक्याला आगाऊ लक्षण नाही. समुद्राजवळच्या बोअरमध्ये उन्हाळ्यात पातळी खाली गेली की खारेपणा शिरतो, म्हणून जानेवारीतील गोड पाण्यावर विसंबता येत नाही. पंप सतत चालवून सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन नमुने द्यावेत. दुसरा अधिक खारा निघाला तर जागा बदलावी किंवा दुसरे पाणी शोधावे. खाऱ्या पाण्याची लादी उशिरा गोठते आणि लवकर विरघळते, तिला गिऱ्हाईक मिळत नाही.

याउलट स्लॅबचे वजन १५ असूनही तो थांबू शकतो. त्याची लक्षणे डोळ्यांना दिसतात. मार्चअखेर कॉलम उभे नसतील तर १ एप्रिलला गवंड्यांची दुसरी टोळी आणायची, हे आजच लिहून ठेवावे आणि पुढे जावे. मासळी कमी लागली तर बर्फ भाजीवाले व हॉटेलांना देण्याची बोलणी मे-जूनमध्ये करता येतील.

अमोनियाच्या धोक्याला मात्र दोन तारखा पडतात. हा वायू हवेपेक्षा हलका, म्हणून मशिनघराला वर झरोके आणि बाहेर उघडणारी दोन दारे हवीत. हे नकाशात खोदाईआधी यावे लागते. कामगारांचे शिक्षण, मुखवटे व पाण्याचा फवारा यांची वेळ जुलैच्या चाचणीआधी आहे. एका धोक्यावर दोन उपाय असतील तर नोंदवहीत दोन ओळी कराव्यात, नाहीतर जुलैच्या तारखेआड जानेवारीचे काम लपते.

कोठे फसगत होते

नव्या रकान्यावरून कामाचा क्रम असा लागतो : उचलीचा अर्ज, पाणी, मशिनघराचा नकाशा, वीज, कॉम्प्रेसर. आधीच्या यादीतील पहिला येथे चौथा आहे. ऑपरेटरची ओळ नवी आहे. तिचेही वजन आणि तारीख काढून तिला जागा द्यावी.

परंतु तातडी म्हणजे महत्त्व नव्हे. काही जण वजनाला तातडीचाही आकडा गुणतात. तसे केले की क्षुल्लक पण निकडीची कामे वर येतात आणि दिवस त्यातच सरतो. आमच्या मते आधी वजनाची एक रेघ ठरवावी. येथे भागीदारांनी ९ धरली. त्याखालचे धोके फक्त नजरेखाली ठेवावेत. लोखंडाचा भाव रोज कळतोच. रेघेवर जे उरतील त्यांनाच तारखेप्रमाणे लावावे.

दुसरी फसगत उपायाच्या दिवसांची. १६ आठवडे हा कारखानदाराचा शब्द आहे, ५ महिने हा अंदाज आहे. हे आकडे चुकले की तारीख चुकते. म्हणून आकडा कोणी दिला तेही शेजारी लिहावे, आणि दर आठवड्याला तारखा पुन्हा मोजाव्यात. नोंदवहीत प्रत्येक ओळीपुढे ‘तातडीचे’ असा शिक्का दिसला आणि तारीख कोठेच नसली, तर ती वही कोणी मोजून भरलेली नाही, हे ओळखावे.