नोट्सची प्रश्नपेढी हवी? मग नमुना जोडा

विभागाच्या नोट्स म्हणजे बहुतेक कॉलेजांत झेरॉक्सचा गठ्ठा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी पीडीएफ. ‘या नोट्सची सगळ्यांसाठी डिजिटल प्रश्नपेढी करूया’ असा ई-मेल एखाद्या विद्यार्थिनीने कोर्स कोऑर्डिनेटरना पाठवला, तर बहुधा ‘कल्पना चांगली आहे, बघू’ एवढंच उत्तर येतं. काम नेमकं काय, ते कोण करणार आणि चुका कोण तपासणार, हे त्या ई-मेलमध्ये नसतं. संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी असा ई-मेल लिहीत आहे असं समजू.

‘आदरणीय मॅडम, सप्रेम नमस्कार. मध्यवर्ती प्रवृत्तीच्या परिमाणांवरच्या आपल्या नोट्समधून मी दहा प्रश्न तयार केले आहेत. फाइल सोबत जोडली आहे. आपण तपासून परवानगी दिलीत, तर हे प्रश्न कॉलेजच्या मूडलवर फक्त सरावासाठी ठेवता येतील. नोट्स आपल्या आहेत, म्हणून प्रत्येक प्रश्नाखाली आपलं नाव राहील.’

एवढं पुरे. प्रश्नपेढीचा फायदा सांगायचाच असेल, तर एक प्रयोग सांगावा. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना ४२ टक्के मजकूर आठवला आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. नोट्स नुसत्या पीडीएफ करून वर चढवल्या की पुन्हा वाचनच होतं. प्रश्नामुळे आठवावं लागतं.

खरी मेहनत चुकीचे पर्याय शोधण्यात असते. नोट्समध्ये ओळ आहे: ‘टोकाच्या मूल्याने सरासरी हलते, मध्यक फारसा हलत नाही.’ तिच्यावरून ‘मध्यक फारसा हलत नाही, चूक की बरोबर?’ असा प्रश्न केला, तर न समजताही निम्मी मुलं बरोबर येतील. त्यापेक्षा आकडे द्यावेत. मूडलला समजणाऱ्या ‘गिफ्ट’ नावाच्या साध्या मांडणीत तो प्रश्न असा दिसतो:

```
::मध्यक-१:: पाच कामगारांचे मासिक वेतन हजार रुपयांत
१५, १२, ६६, १४, १३ आहे. मध्यक किती? {
=१४
~२४ #ही सरासरी झाली.
~६६ #आधी चढत्या क्रमाने मांडा.
~३९ #ही सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या संख्येची सरासरी.
}
```

बरोबर उत्तराआधी बरोबरचं चिन्ह, चुकीच्या आधी लाटेसारखं चिन्ह, आणि # नंतर त्या मुलाला दिसणारी सूचना. इथला प्रत्येक चुकीचा पर्याय एका खऱ्या चुकीतून आला आहे. ६६ निवडणाऱ्याने संख्या क्रमाने न लावताच मधली उचलली, हे मॅडमना लगेच कळतं. असे पर्याय विद्यार्थी चांगले सुचवतात, कारण त्या चुका त्यांनी शेजारच्या बाकावर पाहिलेल्या असतात.

अडचण येते ती टायपिंगची. जुन्या मराठी नोट्स श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असतात. तो मजकूर तसाच चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. आधी तो युनिकोडमध्ये आणावा लागतो आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतात. फाइलही यूटीएफ-८ मध्येच साठवायची. प्रश्नात सूत्र असेल, तर त्यातल्या = किंवा { या चिन्हांआधी \ लावावं लागतं, नाहीतर मूडल त्यालाच उत्तराची खूण समजतं.

प्रश्न चांगला आहे का, हे मुलांनी सोडवल्यावर ठरतं. समजा ४० जणांनी चाचणी दिली. एकूण गुणांनुसार वरचे ११ आणि खालचे ११ घ्या. वरच्यांपैकी १० आणि खालच्यांपैकी ४ बरोबर आले, तर फरक ६, भागिले ११, म्हणजे सुमारे ०.५५. हा प्रश्न समजलेल्यांना न समजलेल्यांपासून नीट वेगळं करतो. वरचे ३ आणि खालचे ७ बरोबर आले, तर फरक उणे होतो. अशा वेळी आधी उत्तरसूची तपासावी. बहुधा तिथेच चूक असते, किंवा प्रश्नाचे दोन अर्थ निघतात. मात्र दहा-बारा मुलांच्या वर्गात या आकड्यावर विसंबू नये.

दोन गोष्टी ई-मेलमध्ये स्पष्ट लिहाव्यात. परीक्षेचे प्रश्न या पेढीत येणार नाहीत, त्यांची पेढी शिक्षकांकडे वेगळी राहील. आणि विद्यार्थ्याने टाकलेला प्रश्न आधी मसुदा म्हणून राहील, शिक्षकांनी पाहिल्यावरच तो खुला होईल. मूडलच्या ४.० आवृत्तीपासून प्रश्नाला मसुदा किंवा तयार असा दर्जा देता येतो आणि त्याच्या जुन्या आवृत्त्याही जपल्या जातात. सिद्धता किंवा दीर्घोत्तरी प्रश्न मात्र अशा पेढीत नीट बसत नाहीत. ते हातानेच तपासावे लागतात, हेही मॅडमना आधीच सांगून टाकावं.

तुमच्या विभागासाठी असा ई-मेल लिहिणार असाल, तर संपूर्ण अभ्यासक्रमाचं आश्वासन देऊ नका. एक धडा घ्या, दहा प्रश्न स्वतः करा आणि फाइल जोडूनच पाठवा.