गाडी लागली, पण खाली कधी होणार?

भिवंडीच्या आजूबाजूला मानकोली, पडघा या पट्ट्यात सकाळी सात वाजता गेलात, तर गोदामांच्या फाटकाबाहेर रांगेनं उभे असलेले ट्रक दिसतात. क्लीनर टायरांना लाथ मारून बघतोय, ड्रायव्हर केबिनमध्ये आडवा झालाय. फाटकावरच्या रखवालदाराला विचारलं, की ठरलेलं उत्तर मिळतं: "डॉक खाली नाही." डॉक म्हणजे गोदामाच्या भिंतीतलं, साधारण चार फूट उंचीवरचं दार. ट्रकनं मागं येऊन त्याला पाठ लावायची, की ट्रकची जमीन आणि गोदामाची जमीन एका पातळीत येते आणि हमालांना खोकी सरळ आत ओढता येतात.

ही गर्दी पूर्वीही होती, पण १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि प्रत्येक राज्यात आपलं वेगळं गोदाम ठेवायची कंपन्यांची गरज कमी झाली. चार लहान गोदामांचं काम एका मोठ्या गोदामात आलं. म्हणजे चार फाटकांवरच्या गाड्याही एकाच फाटकावर आल्या.

आता रखवालदाराचं ते वाक्य तपासून बघू. बिस्किटं, चहा, साबण असा किराणा माल येणारं एक गोदाम धरा. आवकेची बारा दारं आहेत. नोंदवहीतली एक गाडी बघू. आकडे समजावण्यासाठी मी बेतलेले आहेत, पण गोष्ट रोजची आहे. बत्तीस फुटी कंटेनर ७.१० ला फाटकातून आत आला. ९.२० ला त्याला दार मिळालं. पहिलं खोकं उतरलं १०.०५ ला, शेवटचं ११.५० ला. माल मिळाल्याची पोच हातात पडली १२.४० ला आणि तेव्हा गाडी दारापासून हलली.

दार अडलं एकूण तीन तास वीस मिनिटं. हमालांचे हात चालले पावणेदोन तास. उरलेली पंच्याण्णव मिनिटं दाराला गाडी लागलेली होती आणि तिथं काहीही होत नव्हतं. मालकाला मात्र वाटतं, दारं कमी पडतात, अजून चार पाडा. बहुतेक गोदामांत फाटकातून आत आणि बाहेर एवढ्या दोनच वेळा लिहिल्या जातात, म्हणून ही पंच्याण्णव मिनिटं कुणाला दिसतच नाहीत. मधल्या चार वेळा लिहायला लागलं, की रोग कुठं आहे ते आठवड्याभरात कळतं.

सुरुवातीची पंचेचाळीस मिनिटं का गेली? दारामागं जागा नव्हती. आपल्याकडे बहुतेक माल सुटा, खोक्यांवर खोकी रचून येतो. तो आत घेऊन लाकडी पॅलेटवर लावायचा, मोजायचा, मग फोर्कलिफ्टनं रॅकवर चढवायचा. हे सगळं दार आणि रॅक यांच्यामधल्या मोकळ्या पट्ट्यावर चालतं. आधीच्या गाडीचे पॅलेट तिथंच पडलेले असतील, तर नवी गाडी लावून उपयोग काय? हमाल येतात, बघतात, बिडी ओढायला परत जातात.

आणि ते पॅलेट का पडून राहिले? इथं दार नेमून देण्याचा खरा प्रश्न येतो. बिस्किटांचे रॅक एक नंबरच्या दाराजवळ आहेत, पण गाडी लागली अकरा नंबरला, कारण तेच दार आधी मोकळं झालं. समजा, त्यामुळे प्रत्येक पॅलेटमागं जाताना सत्तर मीटर आणि येताना सत्तर मीटर जास्त पडतात. चोवीस पॅलेटांचे तीन किलोमीटरहून जास्त झाले. तेवढा वेळ फोर्कलिफ्ट वाटेत, आणि अकरा नंबरच्या दारामागचा पट्टा भरलेलाच. म्हणून जाणता सुपरवायझर आधी बिल्टी बघतो, माल कुठल्या रॅकवर जाणार ते बघतो, त्या बाजूच्या तीन-चार दारांपैकी ज्याच्या मागचा पट्टा रिकामा आहे ते दार देतो. तसं दार नसेल, तर वीस मिनिटं थांबवतो. दार उघडं दिसत असताना गाडी थांबवली म्हणून त्याला ड्रायव्हरच्या शिव्या खाव्या लागतात, ते वेगळं. (चहाच्या शेजारी साबणाचा माल उतरवू नये, हेही त्याला पाठ असतं. चहा वास पटकन धरतो.)

पहिला आला त्याला पहिला नंबर, हा नियम सगळ्यांना न्याय्य वाटतो. पण एक दार आणि चार गाड्या घ्या. एक कंटेनर खाली व्हायला दोन तास, तीन छोट्या टेम्पोंना प्रत्येकी वीस मिनिटं. कंटेनर आधी घेतला, तर टेम्पो अनुक्रमे १२०, १४० आणि १६० मिनिटं ताटकळतात. चौघांची सरासरी १०५ मिनिटं. टेम्पो आधी घेतले, तर कंटेनर तासभर थांबतो आणि सरासरी येते ३० मिनिटं. काम तेवढंच, दारही तेच. यात धोका एवढाच, की टेम्पो दिवसभर येतच राहिले तर कंटेनरचा नंबर कधीच लागणार नाही. म्हणून कुणीही तीन तासांहून जास्त थांबणार नाही अशी मर्यादा घालावी लागते. त्याहून बरं म्हणजे टेम्पोंना एक ठेंगणं दार वेगळं काढून द्यावं, कारण तसाही टेम्पोचा हौदा चार फुटी डॉकपेक्षा बराच खाली राहतो.

यार्डात किती जागा हवी, याचा हिशेब जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या एका सोप्या नियमावर होतो: तासाला येणाऱ्या गाड्या गुणिले प्रत्येकीचा सरासरी मुक्काम. तासाला सहा गाड्या येतात आणि प्रत्येक चार तास राहते, तर आवारात सरासरी चोवीस गाड्या असणारच. जागा अठरांची असेल, तर उरलेल्या सहा महामार्गावर. मुक्काम तीन तासांवर आला, की त्याच अठरा जागा सरासरीला पुरतात. सकाळच्या लोंढ्याला मात्र तेव्हाही पुरणार नाहीत. त्यासाठी पुरवठादारांना येण्याच्या वेळा वाटून द्याव्या लागतात.

अमेरिकेत हा ताण बराचसा वेगळ्या रीतीनं सुटतो. ट्रेलर यार्डात सोडून ड्रायव्हर इंजिन घेऊन निघून जातो आणि गोदामाचा स्वतःचा छोटा ट्रॅक्टर तो ट्रेलर हवा तेव्हा दाराला लावतो. आपल्याकडे अशा गोदामांत येणाऱ्या बहुतेक गाड्यांचं केबिन आणि हौदा एकाच सांगाड्यावर. गाडी अडली की ड्रायव्हर अडला, आणि हॉल्टिंगचा वाद सुरू. शिवाय नंबर लागतो तेव्हा ड्रायव्हर नेमका टपरीवर असतो, त्याला शोधण्यात दहा मिनिटं जातात. आधीची गाडी अर्धी रिकामी झाली, की पुढच्याला फोन करून दाराजवळच्या जागेत आणून ठेवावं, एवढ्यानंही ही दहा मिनिटं वाचतात.

राहिली शेवटची पन्नास मिनिटं, पोच मिळेपर्यंतची. गाडी रिकामी झाली आहे, तर ती पुढं घेऊन पोचेची वाट यार्डात का बघू नये? एकही ड्रायव्हर तयार होत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. दारापासून हलल्यावर आतून "चार खोकी कमी आली" असा निरोप आला, तर ती भरपाई त्याच्या भाड्यातून कापली जाईल. म्हणून मोजणी दारातच व्हायला हवी. एकेका पॅलेटची खोकी ड्रायव्हरसमोर मोजायची, फुटकी-भिजकी तिथंच वेगळी काढायची आणि एका चिठ्ठीवर आकडा लिहून दोघांनी सही करायची. चिठ्ठीची एक प्रत खिशात पडली, की तो न सांगता इंजिन चालू करतो. छापील पोच मग फाटकावर मिळाली तरी त्याला चालते.