दोन तासांची गाडी

माझ्या भाच्याचा पाचवा वाढदिवस पुण्यात वाकडला, त्यांच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये झाला. थीम होती जंगल. बहीण आणि मेहुणे दोघंही नोकरी करणारे, त्यामुळे सजावटीपासून खेळांपर्यंत सगळ्याचं एकच पॅकेज घेतलं होतं. पानांचा बॅकड्रॉप, फुग्यांची कमान, पुठ्ठ्याचे सिंह-जिराफ, केकवर वाघ. सगळं देखणं होतं, आणि मुलांचं ते पाच मिनिटांत बघून झालं. मग होस्टने संगीतखुर्ची लावली. वीस मुलांच्या संगीतखुर्चीत दहाव्या फेरीनंतर दहा मुलं आउट झालेली असतात आणि त्यांना करायला काहीच नसतं. ती लॉबीत पळू लागली. दोघं जिन्यात गेली, एकाने कमानीतले फुगे ओढले. केक कापायला साडेसात वाजले, तोवर निम्मी मुलं भुकेने किरकिरत होती. बहीण पूर्ण वेळ दार आणि जिना यांच्यात धावत होती. त्या दिवसाच्या एकाही फोटोत ती नाही.

पुढच्या वर्षी आम्ही दोघी महिनाभर आधी बसलो. पैसे कमी पडले नव्हते, माणसंही पुरेशी होती. चुकली होती ती थीमची कल्पना. आपण थीम म्हणजे भिंतीवरचं चित्र समजतो आणि रंग, कार्टून, केकचा आकार ठरवून मोकळे होतो. पण सहा वर्षांच्या मुलाला भिंत नको असते, काम हवं असतं. ज्या थीममधून प्रत्येक मुलाला काहीतरी करायला मिळतं आणि एकामागून एक काय होणार हे आपोआप ठरतं, ती थीम पार्टी चालवते. उरलेल्या थीम नुसत्या सजावटी असतात.

थीम निवडताना आम्ही एकच प्रश्न विचारला: यात मूल कोण होणार आणि काय करणार? 'अंतराळ' म्हटलं तर सजावट भरपूर सुचली, काम एकच सुचलं. 'आठवडी बाजार'मध्ये प्रत्येकाला खोटे पैसे, टोपली आणि खरेदी मिळत होती, पण वीस मुलांना सांभाळायला सात-आठ दुकानदार लागले असते. शेवटी भाच्याच्या आवडीची रेल्वे ठरली. त्यातही 'ट्रेन' असं मोघम न ठेवता मुंबई ते पुणे हा प्रवास घेतला, कारण सोसायटीतल्या बहुतेक मुलांनी तो केलेला असतो. या मार्गावरची डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजी सुरू झाली आणि दर वर्षी १ जूनला पुणे स्टेशनवर प्रवासी केक कापून तिचा वाढदिवस साजरा करतात. गाडीचाही वाढदिवस असतो हे ऐकून भाच्याने दुसऱ्या कुठल्याही थीमचं नाव काढलं नाही.

मुंबई, कर्जत, लोणावळा, पुणे

पार्टी रविवारी पाच ते सात ठेवली. पाचची वेळ दिली की मुलं पाच ते पाच-वीसच्या मधे येतात, आणि पार्टी विस्कटते ती याच वीस मिनिटांत. आधी आलेली मुलं रिकामी राहिली की पळायला लागतात, आणि मग ती पुन्हा एका जागी येत नाहीत. म्हणून दाराशीच 'मुंबई'चं तिकीटघर मांडलं: एक टेबल, जाड कागदाची कापलेली तिकिटं, रंगीत खडू आणि रबरी शिक्का. आलेल्या मुलाने तिकिटावर स्वतःचं नाव लिहायचं, चित्र काढायचं, शिक्का मारून घ्यायचा. उशिरा आलेला मुलगाही तिथूनच सुरुवात करतो, त्यामुळे कोणासाठी थांबावं लागत नाही.

पाच-पंचवीसला गाडी सुटली. एक लांब सुती दोर, त्याला हातभर अंतरावर बांधलेल्या रंगीत फिती, प्रत्येक फितीला एक मूल. दोर हातात असला की रांग मोडत नाही आणि मागचं मूल पुढच्याला ढकलत नाही. दहा-दहा मुलांच्या दोन गाड्या केल्या, प्रत्येक गाडीच्या पुढे एक आणि मागे एक मोठं माणूस. मार्ग क्लबहाऊसमधून बागेत आणि परत असा होता. गाड्यांचा रस्ता कुठेही ओलांडायचा नाही, लिफ्ट वापरायची नाही आणि स्विमिंग पूलचं फाटक कुलूपबंद, हे तीन नियम आदल्या दिवशी चालून पाहून ठरवले.

कर्जतला खरी गंमत होती. कर्जत ते लोणावळा हा बोरघाट इतका चढाचा आहे की गाडीला मागून ढकलायला जास्तीची इंजिनं लावतात. त्यांना बँकर म्हणतात. घाटातला चढ साधारण ३७ फुटांना एक फूट आहे. आमच्या कर्जतला बागेतली छोटी उतरंड होती आणि तिथे पुठ्ठ्याच्या खोक्यांची एक मालगाडी ठेवली होती. ती वर न्यायला चार मुलं पुढून ओढणार आणि चार मागून बँकर होऊन ढकलणार. खोक्यांत जुनी वर्तमानपत्रं भरली होती, म्हणजे एकट्याला हलणार नाहीत आणि सगळ्यांनी मिळून लावलं की हलतील. पाळी नसलेल्या मुलांनी टाळ्यांनी चाकांचा ताल धरायचा. इथे कोणी आउट होत नाही, जिंकत नाही, म्हणून रडतही नाही. वर पोचल्यावर टेबलांवर चादरी टाकून केलेल्या बोगद्यातून रांगत जायचं आणि बाहेर आलं की लोणावळा.

लोणावळ्याला चिक्की हवीच. पण शेंगदाण्याची ॲलर्जी असणारं एखादं मूल असू शकतं, हे आमंत्रण पाठवतानाच लक्षात घ्यावं लागतं. आम्ही निरोपातच विचारलं होतं: येणार का, लहान भावंडं बरोबर असतील का, खाण्याचं काही पथ्य आहे का. एका आईने शेंगदाण्याचं कळवलं, म्हणून चिक्कीऐवजी सगळ्यांनाच राजगिऱ्याची वडी दिली. एकाला वेगळं द्यायचं म्हणजे लक्ष ठेवणं आलं, आणि वीस मुलांत ते जमत नाही. केक त्याच कारणाने बिनअंड्याचा, बिनसुक्यामेव्याचा घेतला.

सहा-दहाला गाडी 'पुण्यात' म्हणजे क्लबहाऊसमध्ये परत आली आणि लगेच केक कापला. केक शेवटी ठेवला की मुलं भुकेली राहतात आणि पालक घड्याळाकडे बघतात. औक्षण सकाळीच घरी आजीने केलं होतं, त्यामुळे संध्याकाळी कसली घाई नव्हती. सहा-वीसला छोट्या डिशमध्ये इडली, बटाटेवडा, काकडी-गाजराचे तुकडे आणि केक, आणि सात वाजता निरोप.

कामं कोणाकडे द्यायची

वेळ नसलेल्या पालकांनी सगळं स्वतः करावं असं मी म्हणणार नाही. पण सगळं एका पॅकेजमध्ये देऊन टाकलं की पार्टी तुमच्या मुलाची न राहता पॅकेजची होते. कष्टाची कामं विकत घ्यावीत आणि क्रम आपल्या हातात ठेवावा. आम्ही तीन कामं बाहेर दिली: बॅकड्रॉप, खाणं आणि शेवटची साफसफाई. होस्ट घेतला नाही. मेहुणे आणि त्यांचे दोन मित्र गाड्यांबरोबर चालले. ज्यांच्याकडे अशी माणसं नाहीत, त्यांनी होस्ट जरूर घ्यावा, पण त्याला आपलं वेळापत्रक एका कागदावर लिहून द्यावं आणि आउट होण्याचा एकही खेळ नको हे आधीच सांगावं.

डेकोरेटरला विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. बॅकड्रॉप स्वतःच्या फ्रेमवर उभा राहतो की भिंतीला चिकटवतात? दुहेरी टेप काढताना भिंतीचा रंग निघतो आणि सोसायटी ते पैसे डिपॉझिटमधून कापते. सामान किती वाजता येणार आणि कोण उतरवून नेणार? गेटवर त्यांच्या नावाची नोंद नसली की ते खालीच अडकतात, म्हणून ती आदल्या रात्री करून ठेवावी. आणि थर्माकोल किंवा प्लॅस्टिकच्या काड्यांवरचे फुगे तर नाहीत ना? सजावटीचा थर्माकोल, फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्या आणि प्लॅस्टिकच्या डिश-चमचे यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. तरीही त्या वस्तू पॅकेजमध्ये येतातच.

पॉपकॉर्नचं मशीन मागवणार असाल तर क्लबहाऊसमध्ये मोठ्या पिनेचा पॉवर पॉइंट कुठे आहे ते पाहून या. पंख्याच्या शेजारच्या छोट्या प्लगवर ते लावलं तर प्लग तापतो किंवा भर पार्टीत वीज जाते.

फुग्यांबाबत मात्र काटेकोर राहायला हवं. हवेत वर जाणाऱ्या फुग्यात हेलियम असतो किंवा हायड्रोजन. हेलियम पेटत नाही. हायड्रोजन स्वस्त पडतो, म्हणून काही जण तो भरतात, आणि केकच्या मेणबत्तीजवळ असा फुगा गेला तर भडका उडतो. मुलांच्या अंगावर उडवायच्या फेसाच्या डब्यातही सहज पेटणारा वायू असतो. दोन्ही रंगीत आणि निरुपद्रवी दिसतात, म्हणूनच त्यांच्यामुळे चेहरे आणि हात भाजण्याचे प्रकार होतात. आम्ही साध्या हवेने भरलेले फुगे बांधले आणि फेस आणूच दिला नाही. फुटलेल्या फुग्यांचे तुकडेही लगेच उचलले, कारण लहान भावंडं ते तोंडात घालतात आणि रबर घशात चिकटतं.

आमंत्रण वीस मुलांना होतं, आली चोवीस. सोसायटीत असंच होतं. दोन लहान भावंडं येतात, दोन मुलं बागेतून गाडी बघून मागे लागतात आणि त्यांना नाही म्हणता येत नाही. म्हणून तिकिटं, फिती आणि डिश पाच जास्तीच्या ठेवल्या होत्या. रिटर्न गिफ्ट वेगळं नव्हतं. पुठ्ठ्याची टोपी आणि स्वतःचं तिकीट, एवढंच घरी न्यायचं होतं.

शेजारच्या विंगमधला एक मुलगा कुठल्याच पार्टीत खेळत नाही, आईला चिकटून बसतो, हे बहिणीला माहीत होतं. त्याला गार्ड केलं. हातात एक हिरवं आणि एक लाल फडकं. तो हिरवं दाखवेपर्यंत गाडी सुटायची नाही. पहिल्या स्टेशनला तो आईजवळ उभं राहून फडकं हलवत होता. कर्जतला त्याने लाल दाखवून अख्खी गाडी थांबवली, कारण शेवटच्या मुलीची फीत सुटली होती. तिने ती पुन्हा हातात घेतली, मग त्याने हिरवं फडकं डोक्यावर धरलं आणि गाडी घाट चढू लागली. त्याच्या मागे फोनमध्ये फोटो काढणारी बहीण होती.